खावटीचा अर्ज: कागद, तारीख आणि वसुली

दोन लेकरं घेऊन दीड वर्षापासून गेवराई तालुक्यात माहेरी आहे. नवरा वाळूजला कंपनीत आहे, पण म्हणतो मला बारा हजारच पगार, जमीन वडिलांच्या नावावर. खावटी कुठं आणि कशी मागायची?

ताई, आधी अर्ज दाखल करा, बाकीचे कागद मागून जोडता येतात. पोटगी सहसा अर्जाच्या तारखेपासून मिळते, वेगळे झाल्याच्या तारखेपासून नाही. म्हणजे समेट होईल म्हणून थांबलेलं हे दीड वर्ष बहुतेक हातचं गेलंच.

अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली करायचा. जुनं 125 ते हेच, 1 जुलै 2024 पासून क्रमांक बदलला. त्यासाठी वाळूजला किंवा सासरी हेलपाटे घालायची गरज नाही. तुम्ही माहेरी राहता, तर तिथल्या तालुका न्यायालयातही अर्ज चालतो. जिथं कौटुंबिक न्यायालय आहे तिथं तो त्या न्यायालयात जातो. वकिलाच्या फीची अडचण असेल तर कोर्टाच्या आवारातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना आणि मुलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

आता बारा हजारांचं. सर्वोच्च न्यायालयाने 4 नोव्हेंबर 2020 रोजी रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात नवरा-बायको दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक केलं. पोटगीच्या प्रकरणाचा सगळा जोर या कागदावर असतो. त्याचं प्रतिज्ञापत्र आलं की ओळ न् ओळ वाचा. पगार बारा हजार आणि मोटारसायकलचा हप्ता साडेचार हजार, वर खोलीचं भाडं चार हजार असं लिहिलं असेल, तर उरलेल्या साडेतीन हजारात तो जेवतो कसा, हा प्रश्न तुमच्या वकिलांनी उलटतपासात विचारायचा. शिवाय पगारपत्रक, ओव्हरटाइमचा हिशेब आणि बँकेचे उतारे हजर करायला लावा, असा वेगळा अर्ज द्या. कंत्राटदाराकडे काम असेल तर कंत्राटदाराचं नाव, कंपनीचं गेट, शिफ्ट, जे माहीत असेल ते सगळं लिहा.

सातबाऱ्यावर सासऱ्यांचं नाव आहे एवढ्यावर थांबू नका. त्या गटाचे जुने फेरफार तलाठ्याकडून काढा. जमीन कुणाकडून, कशी आली ते त्यात दिसतं. ती वडिलोपार्जित निघाली तर नवऱ्याचा हिस्साही न्यायालयापुढे ठेवता येतो. आणि काहीच नाही असं त्याने म्हटलं तरी धडधाकट माणसाने मजुरी करूनही बायकामुलांना पोसलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा पुन्हा सांगितलं आहे.

तुमच्या बाजूनं दोन गोष्टी सांभाळा. शिलाईचे महिन्याला दोन-तीन हजार येत असतील तर तेही लिहा. थोडी कमाई आहे म्हणून पोटगी नाकारली जात नाही, पण लपवलेली कमाई उघडी पडली की बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो. दुसरं, रक्कम एकत्र मागू नका. स्वतःसाठी किती आणि प्रत्येक मुलासाठी किती, हे वेगळं लिहा. बायकोचा हक्क कुठल्या कारणाने अडला तरी मुलांचा त्याबरोबर अडत नाही. माझ्याकडे एक ताई लग्नपत्रिकेच्या पाकिटात शाळेच्या आणि दवाखान्याच्या दोन वर्षांच्या पावत्या घेऊन आल्या होत्या. मुलाच्या खर्चावर समोरच्या वकिलांना बोलायला फारसं काही उरलंच नाही.

अर्जासोबतच अंतरिम पोटगी मागा. नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात जास्त लागतात, आणि बहुतेक वेळा ते प्रतिज्ञापत्र न आल्यामुळे. दोन तारखा होऊनही ते आलं नाही तर पुढची तारीख गुपचूप घेऊ नका. नवऱ्याचा बचाव रद्द करावा, असा अर्ज वकिलांना द्यायला सांगा.

माझ्या बहिणीला महिना पाच हजार खावटीचा आदेश झाला, त्याला वीस महिने झाले. एक रुपया आला नाही. दाजी ऊसतोडीला जातात, पोलीस म्हणतात सापडत नाहीत. आता काय करावं?

दादा, वसुलीचा अर्ज याच आठवड्यात द्या. थकलेल्या रकमेसाठी वॉरंट हवं तर ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. तुमचा थकीत आकडा वीस महिन्यांचा, एक लाख आहे. आज अर्ज केला तर वॉरंटने मागच्या बारा महिन्यांचे साठ हजार निघतील, आधीचे चाळीस हजार या वाटेने निघणार नाहीत. अजून दोन महिने थांबलात तर आणखी दहा हजार हातचे जातील. एकदा अर्ज मुदतीत पडला की तो चालू असताना थकणारे पुढचे महिने त्यातच जोडून मागता येतात, दर वेळी नवा अर्ज लागत नाही.

वॉरंट "इसम ऊसतोडीस गेला, मिळून आला नाही" असा शेरा घेऊन परत येतं, हे बीड-धारूरकडे दर हंगामात घडतं. म्हणून अर्जात गावाच्या पत्त्याबरोबर मुकादमाचं नाव, टोळी कोणत्या कारखान्याला गेली ते आणि तळ कुठं पडला तेही लिहा. टोळी दिवाळीच्या सुमारास निघते आणि उन्हाळ्यात परतते. परतल्यावर लगेच नवं वॉरंट मागा. सरकारी किंवा कंपनीची नोकरी असेल तर पगारातून कपातीचा आदेश मागणं यापेक्षा खूप सोपं.

न भरल्यास प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. पण "जेल भोगली, आता देणं फिटलं" असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. कैद ही वसुलीची सक्ती आहे, थकबाकी तशीच राहते.

पंचांसमोर शंभराच्या बाँडवर फारकत झाली. "पुढं कधी खावटी मागणार नाही" असं लिहून घेतलं, पन्नास हजार दिले. मुलगी माझ्याकडे आहे. माझा हक्क संपला का?

मुलीचा तर नाहीच. तिचा हक्क तुम्ही सही करून सोडू शकत नाही.

तुमच्यापुरतं बोलायचं तर नोटरीच्या कागदाने हिंदू विवाह मोडत नाही. जातीतली फारकतीची रूढी न्यायालयात सिद्ध झाली तरच तो कागद टिकतो, आणि ते सिद्ध करणं त्यांच्यावर आहे. मात्र "दोघं आपखुशीने वेगळे राहतात, म्हणून पोटगी नाही" असा बचाव ते याच कागदावरून घेतील. त्यामुळे त्या दिवशी काय झालं ते अर्जात बारकाईने लिहा: कुणी बोलावलं, मजकूर कुणी सांगितला, वाचून दाखवला का, साक्षीदार कुणाकडचे होते. पन्नास हजार मिळाल्याचं लपवू नका. तो आकडा मुलीच्या किती महिन्यांच्या शाळेला पुरला, हेही तिथंच मांडा.

मी अर्ज केला आणि महिन्याभरात नवऱ्याची "नांदायला ये" अशी वकिलामार्फत नोटीस आली. गेले नाही तर केस जाईल का?

नोटीस कपाटात ठेवू नका, लेखी उत्तर द्या. मारहाण, दुसरी बाई, मुलाच्या औषधाला पैसे न देणं, जे घडलं ते तारखांसह लिहा. योग्य कारण असेल तर नवऱ्याने सांभाळायची तयारी दाखवूनही पोटगी देता येते. त्याने नांदवण्याचा हुकूमनामा मिळवला आणि तुम्ही गेला नाहीत, तरी एवढ्यानेच पोटगीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2025 रोजी स्पष्ट केलं. मात्र तो दावा एकतर्फी होऊ देऊ नका. त्यात तुमच्यावर काय आरोप केले आणि तुम्ही उत्तर दिलं का, हे पोटगीच्या न्यायालयात नक्की विचारलं जातं.