नातेवाइकाच्या भूमिकेला संवाद नको, पायऱ्या द्या

संतापलेल्या नातेवाइकाला कसं शांत करायचं याचा सराव नर्सना देताना नातेवाइकाची भूमिका नटाला द्या आणि पहिला प्रसंग साधाच घ्या: वडिलांचं वेदनाशामक दोन तास लांबलंय आणि मुलगा नर्सिंग स्टेशनवर येऊन ओरडतोय. नटाला पाठ केलेले संवाद देऊ नका, चार पायऱ्या लिहून द्या: चढा आवाज, बोट रोखून जवळ येणं, टेबलावर हात आपटणं, वाट अडवणं. कशाने वर चढायचं आणि कशाने उतरायचं, तेही लिहा. नर्स ‘शांत व्हा’ म्हणाली किंवा फाइलमध्येच बघत राहिली, तर एक पायरी वर. तिने नाव सांगितलं, हातभर अंतर ठेवून बाजूला उभी राहिली आणि ‘दोन तास त्यांना दुखतंय, मी आत्ता डॉक्टरांना फोन करते’ म्हणाली, तर एक खाली.

इथेच बहुतेकदा चुकतं. नट रंगात येतो आणि काही केलं तरी उतरत नाही. मग बोलून उपयोग नसतो, एवढंच नर्स शिकते. चौथ्या पायरीवर मात्र मागे सरकून मदत बोलावणं हेच बरोबर उत्तर धरा. थांबण्याचा शब्द आधीच ठरवा.

प्रसंग सात-आठ मिनिटांचा असेल, तर त्यानंतरच्या चर्चेला किमान दुप्पट वेळ ठेवा. आधी नटाला भूमिकेतून बाहेर काढा, त्याने स्वतःचं नाव सांगावं. मग नर्सच्या भावना, मग नेमकं काय घडलं, आणि त्यानंतरच विश्लेषण, तेही एकाच क्षणाचं: ‘तो जवळ आला तेव्हा तुम्ही फाइल उचललीत. त्या वेळी मनात काय होतं?’ उत्तर मिळालं, की तेवढंच एक मिनिट पुन्हा करून घ्या.