लाजाळूची पानं मिटतात, कोमेजत नाहीत

प्रश्न: मी लहान मुलांसाठी गोष्ट लिहिते आहे. एक मुलगी लाजाळूला हात लावल्यावर पानं का मिटतात ते शोधून काढते. पानं 'मिटतात', 'दुमडतात', 'कोमेजतात' की 'बंद होतात'? आणि झाड 'लाजतं' असं लिहिलं तर ते चुकीचं होईल का?

'मिटतात' हेच लिहा. बाकीचे तिन्ही शब्द थोडे थोडे खोटं बोलतात. ते कुठे खोटं बोलतात हे पाहिलं तर तुमच्या मुलीच्या शोधाची निम्मी वाट मोकळी होईल.

आधी पान नीट बघू. आपण ज्याला लाजाळूचं एक इवलंसं पान म्हणतो, ते खरं तर मोठ्या पानाचा एक तुकडा असतो. पुस्तकात त्याला पर्णिका म्हणतात. लांब देठ, देठाच्या टोकाला बोटांसारख्या फुटलेल्या दोनचार काड्या आणि प्रत्येक काडीवर समोरासमोर बसलेल्या पर्णिकांच्या जोड्या, हे सगळं मिळून एक पान. बोट लागलं की प्रत्येक जोडीतल्या दोन पर्णिका वर उचलल्या जातात आणि त्यांच्या वरच्या बाजू एकमेकींना टेकतात, नमस्कारासाठी तळहात जुळावेत तशा. संस्कृतात या झाडाचं एक नाव 'नमस्कारी' आहे. ज्याने ते दिलं त्याने झाडाशेजारी बसून नीट पाहिलं असणार.

म्हणून 'दुमडणे' इथे बसत नाही. कागद दुमडतो, चादर दुमडते, म्हणजे एकच वस्तू मधोमध मोडून स्वतःवर येते. लाजाळूची एकही पर्णिका मधे मोडत नाही. ती सपाटच राहते आणि फक्त बुडाशी वळते. मिटण्यात मोडणं नसतं. डोळे मिटतात, पाखराचे पंख मिटतात, कमळ मिटतं. जे पसरलेलं होतं ते जवळ येतं, शाबूत राहतं आणि पुन्हा उघडू शकतं. 'बंद होतात' चुकीचं नाही, पण दार आणि दुकानही बंदच होतं. त्या शब्दात पानाचं काहीच नाही.

'कोमेजतात' मात्र टाळाच, कारण इथे शब्दाबरोबर विज्ञानही चुकतं. कोमेजणं, सुकणं, मलूल होणं या सगळ्यांत झाडातलं पाणी कमी झालेलं असतं. मिटलेल्या लाजाळूच्या अंगातलं पाणी कुठेही गेलेलं नसतं, ते आतल्या आत सरकलेलं असतं. ते कुठून कुठे सरकलं, हाच तुमच्या मुलीचा शोध आहे.

त्या शोधाकडे जाण्यापूर्वी तुमच्या प्रश्नातल्या एका बारीक शब्दाकडे लक्ष वेधतो. तो शब्द म्हणजे 'का'. मराठीत 'का' विचारलं की दोन वेगळे प्रश्न एकाच पिशवीत येतात, 'कशामुळे' आणि 'कशासाठी'. 'तू का पळालास?' याचं उत्तर 'कुत्रा मागे लागला म्हणून' असंही असतं आणि 'बस गाठायला' असंही. पहिलं मागे बघतं, दुसरं पुढे. लाजाळूच्या बहुतेक गोष्टींत हे दोन प्रश्न एकमेकांत कालवले जातात आणि शेवटी मुलाच्या हाती काहीच लागत नाही. तुमच्या नायिकेला दोन्ही प्रश्न सुटे करून विचारू द्या. आपली भाषा तिला त्यासाठी दोन वेगळे शब्द आयतेच देते.

'कशामुळे' हे तिला जवळून पाहून बरंचसं कळू शकतं. देठ जिथे फांदीला मिळतो तिथे बुडाशी एक फुगीर गाठ दिसते. तशाच लहान गाठी काड्यांच्या आणि प्रत्येक पर्णिकेच्या बुडाशीही असतात. झाडाची सगळी हालचाल या गाठींत घडते. गाठीतल्या पेशी पाण्याने तट्ट फुगलेल्या असतात आणि त्या फुगवट्यावर पान तोललेलं असतं. स्पर्श झाला की विजेचा एक अगदी हलका संकेत झाडातून धावतो. गाठीच्या एका बाजूच्या पेशींमधले क्षार बाहेर पडतात आणि त्यांच्या मागोमाग पाणीही निघून जातं. ती बाजू ढिली पडते, समोरची बाजू तट्टच राहते. मग तट्ट बाजू पानाला ढिल्या बाजूकडे ढकलते. देठाच्या गाठीत खालची बाजू ढिली पडते म्हणून देठ खाली कलतो. पर्णिकांच्या गाठींत वरची बाजू ढिली पडते म्हणून त्या वर उचलल्या जातात.

देठासाठी मी मुद्दाम 'कलतो' म्हटलं. 'वाकतो' म्हटलं की देठ मधेच कमानीसारखा झाला असं डोळ्यांपुढे येतं आणि 'मान टाकली' हे तर मरू घातलेल्या रोपाबद्दल म्हणतात. हा देठ सरळच असतो, बिजागरीवरून खाली यावा तसा तो येतो.

एका टोकाच्या पर्णिकेला अलगद बोट लावलं तर मिटण्याची लाट जोडीजोडीने पुढे सरकताना दिसते. जोरात टिचकी मारली तर सगळं पान मिटतं आणि देठही कलतो. झाडात विजेचा संकेत धावतो हे जगदीशचंद्र बोस यांनी लाजाळूवर नाजूक यंत्रं लावून मोजलं होतं. १९२६ साली त्यांनी वनस्पतींच्या चेतायंत्रणेवर एक पुस्तकच लिहिलं. मोठ्या मुलांसाठी लिहीत असाल तर एवढा उल्लेख गोष्टीत खपून जाईल. धाकट्यांसाठी 'तट्ट' आणि 'ढिलं' हे दोन शब्द पुरेत. पाण्याने टम्म भरलेली पिशवी ताठ उभी राहते आणि रिकामी झाली की लोळण घेते, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

आता 'लाजतं' या शब्दाकडे येऊ. नावात लाज आहे हे खरंच. 'आळू' हा प्रत्यय लागला की ज्याच्या अंगी ती गोष्ट मुरलेली आहे असा अर्थ होतो: झोपाळू, विसराळू, मायाळू, कनवाळू, तसंच लाजाळू. हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. या झाडाच्या शास्त्रीय नावातलं 'प्युडिका' हे लॅटिन विशेषणही लाजरी, विनयशील अशाच अर्थाचं आहे. तेव्हा नाव बदलण्याची काही गरज नाही. मात्र 'लाजतं' हे क्रियापद कोणाच्या तोंडी द्यायचं ते ठरवा. गोष्टीच्या सुरुवातीला आजीच्या, दादाच्या किंवा खुद्द मुलीच्या तोंडी ते शोभेल. निवेदकाने स्वतः तसं म्हणू नये. निवेदकासाठी 'मिटतं'. मग नावात दडलेलं उत्तर मुलगी स्वतः तपासून बघू शकते.

ते तपासायला तिला काहीही आणावं लागत नाही. पावसाचा टपोरा थेंब पडला तरी पानं मिटतात. जोराची फुंकर मारली, कुंडी हलवली, विस्तवाची धग जवळ आली तरी मिटतात. कुणी बघत नसताना थेंबाची कसली लाज? हा प्रश्न आठ वर्षांच्या मुलीला सहज पडेल आणि तिथेच नावाचं उत्तर गळून पडेल. शिवाय अंधार पडला की कुणी हात न लावताही पर्णिका मिटतात आणि सकाळी उघडतात. त्या वेळी झाड लाजाळू नसतं, झोपाळू असतं. एकाच प्रत्ययाचे हे दोन शब्द तुम्हाला गोष्टीत शेजारी शेजारी ठेवता येतील.

याच कारणाने 'स्पर्श' हा शब्दही जपून वापरा. 'स्पर्श केल्यावर' म्हटलं की माणसाचा हात गृहीत धरला जातो. 'धक्का लागला' म्हटलं की थेंब, वारा, किडा सगळे त्यात येतात. मुलीच्या कृतीसाठी 'बोट लावलं' छान. 'शिवली' टाळा. मुलांच्या कानाला आधी सुईदोरा आठवतो आणि मोठ्यांच्या मनात विटाळाची सावली येते.

'कशासाठी' याचं उत्तर एका बोटाने मिळत नाही, त्यासाठी खाणारं कुणीतरी यावं लागतं. गोष्टीत नाकतोडा आणा. तो पानावर उतरतो, पान त्याच्या पायाखालून मिटतं, देठ कलतो आणि समोर उरतात फांदीवरचे काटे. २०२२ साली जपानमधल्या संशोधकांनी हे तपासलं. ज्या लाजाळूंची हालचाल त्यांनी थांबवली होती, ती नाकतोड्यांनी हलणाऱ्या लाजाळूंपेक्षा जास्त खाल्ली. म्हणजे मिटण्याने झाड निदान या खाणाऱ्यापासून वाचतं, असं तुमची मुलगी निर्धास्तपणे म्हणू शकते. त्याची किंमतही असते. मिटलेल्या पानाला ऊन कमी मिळतं आणि पुन्हा उघडायला दहावीस मिनिटं लागू शकतात. तेवढा वेळ तिला शेजारी बसवून ठेवा.

त्या उघडण्यासाठी 'उमलतात' नको. उमलणं कळीचं आणि ते पहिल्यांदाच होतं. पानांसाठी 'उघडतात' किंवा 'उलगडतात' घ्या. 'उलगडणे' तुमच्या गोष्टीत दुहेरी कामाला येईल, कारण पानं उलगडतात तसं कोडंही उलगडतं.

लिंगाचीही एक अडचण सांगतो. 'ती लाजाळू' म्हणता येतं आणि 'ते लाजाळूचं रोपटं'ही. तुमची नायिका मुलगी आहे. 'तिने तिला बोट लावलं तेव्हा ती मिटली' असं वाक्य आलं तर कोण मिटलं ते कळणार नाही. सबंध गोष्टीत 'रोपटं' धरून ठेवा. मग 'तिने त्याला बोट लावलं आणि ते मिटलं' हे वाक्य सरळ वाचता येतं. एक ओळ लिहून दाखवतो: 'तिने करंगळी लावली. पहिली जोडी मिटली, मग दुसरी, मग तिसरी, आणि सगळ्यांत शेवटी देठ हळूच खाली कलला.'

शेवटासाठी एक प्रसंग सुचवतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लाजाळूच्या कुंड्या साधारण १५ सेंटीमीटर उंचीवरून पुन्हा पुन्हा खाली सोडल्या होत्या, पण झाडाला इजा होणार नाही अशा बेताने. सुरुवातीला पानं मिटली. नंतर त्यांनी मिटणं सोडून दिलं. ती थकली असतील म्हणावं, तर वेगळ्या प्रकारे हलवल्यावर ती लगेच मिटली. तुमच्या मुलीने रोज पाण्याचा एकेक थेंब त्याच उंचीवरून बऱ्याच वेळा सोडला आणि एके दिवशी रोपट्याने मिटायचं थांबवलं, तर ती आजीला काय सांगेल? मराठीत त्यासाठी शब्द तयार आहे आणि तो लाजेच्याच घरातला आहे. ती म्हणेल, 'आजी, याची भीड चेपली.'