बुध वक्री आणि रविवारची रात्र

“मॅडम, बुध वक्री झाला की जुनी माणसं आयुष्यात परत येतात म्हणे. गेले आठ दिवस मला सारखं त्याला मेसेज करावंसं वाटतंय. हा योगच असेल ना? करू का?”

जुलै २०२५ चा शेवटचा आठवडा होता. नाशिकच्या सातपूरला नोकरी करणारी अठ्ठावीस वर्षांची ही मुलगी माझ्यासमोर मोबाईल मुठीत घट्ट धरून बसली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नातं तुटून अकरा महिने झाले होते. १८ जुलैला बुध वक्री झाला होता, म्हणजे आकाशात उलटा सरकताना दिसू लागला होता, आणि ११ ऑगस्टला मार्गी, म्हणजे पुन्हा सरळ, होणार होता. या तारखा तिला तोंडपाठ होत्या.

ज्योतिषात बुध वाणीचा, बुद्धीचा, पत्रव्यवहाराचा कारक मानतात. तो वक्री असताना गैरसमज होतात, कागदपत्रं अडतात, जुने विषय वर येतात, असं सांगितलं जातं. मात्र ‘जुना प्रियकर परत येतो’ हे आपल्याकडे आलं पाश्चात्त्य राशिभविष्यातून आणि आता रील्समधून. आपल्या परंपरेत वक्री ग्रहाला चेष्टाबल मिळतं, म्हणजे तो बलवान धरला जातो. एकाच घटनेचे इतके वेगळे अर्थ लावले जातात, हे मी तिला आधी सांगितलं.

आणि बुध खरोखर मागे फिरत नाही. गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकबाहेर उभं राहून धावणाऱ्याकडे पाहा. पलीकडच्या बाजूला तो डावीकडून उजवीकडे जाताना दिसतो, आपल्या बाजूला आला की उजवीकडून डावीकडे. त्याने दिशा कुठे बदलली? बुध ८८ दिवसांत सूर्याला फेरी मारतो आणि आपल्या बाजूने पुढे निघून जाताना ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर तो उलटा सरकताना दिसतो. असं वर्षातून तीनदा, क्वचित चारदा होतं, दर वेळी साधारण तीन आठवडे. म्हणजे पाच दिवसांतला एक दिवस वक्रीच असतो.

तिच्या श्रद्धेशी मला वाद घालायचा नव्हता. मी तिला एक काम दिलं. अकरा महिन्यांत त्याला कधी कधी मेसेज केले, त्याच्या तारखा, वार आणि वेळा वहीत लिहून आण. पुढच्या भेटीला ती वही घेऊन आली. एकूण नऊ वेळा. त्यातले दोन वक्रीच्या काळात. पाचातला एक दिवस वक्री असेल, तर नवातले दोन नुसत्या योगायोगानेही पडतात. पण नवातले सात रात्री अकरानंतरचे होते, आणि त्या सातातले पाच रविवारचे.

“रविवारी काय असतं?” मी विचारलं.

बराच वेळ ती वहीकडेच बघत राहिली. मग म्हणाली, “रविवारी आई स्थळांचे फोटो दाखवते.”

हे उत्तर पंचांगात सापडणारं नव्हतं. दिवसभर घरात स्थळांचा विषय, रात्री एकटेपणा, आणि तो अधूनमधून, चारपाच वेळांतून एकदा, उत्तर द्यायचा. कधीच उत्तर न येणं माणूस हळूहळू पचवतो. कधीतरी येणारं उत्तर मात्र आस सुटू देत नाही. ग्रहाने ही ओढ निर्माण केली नव्हती. आधीच असलेल्या ओढीला त्याने ‘योग’ हे नाव दिलं, आणि नाव मिळालं की परवानगी मिळाल्यासारखं वाटतं.

उलटा धोकाही आहे. एका ज्योतिषाने तिला ‘मार्गी होईपर्यंत थांब’ सांगितलं होतं. थांबणं चांगलंच, पण ती ११ ऑगस्टची वाट परीक्षेच्या निकालासारखी बघत होती. तारीख उजाडली की मेसेज जाणारच, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

म्हणून तारखेऐवजी आम्ही वेळ ठरवली. मेसेज लिहायचा, पण चॅटमध्ये नाही, मोबाईलच्या नोट्समध्ये. चॅटमध्ये बोट चुकून ‘सेंड’वर जातं. लिहून झालं की मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवायचा आणि अर्धा तास थांबायचं. ओढ लाटेसारखी चढते आणि बहुतेक वेळा तेवढ्यात उतरते. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, ऑफिसात, तोच मजकूर वाचायचा आणि स्वतःला विचारायचं: याचं उत्तर आलंच नाही, तरी मला पाठवायचाय का? पैसे परत करणं, वस्तू देणं, मनापासून माफी मागणं, असं काही असेल आणि उत्तर ‘हो’ असेल, तर पाठवावा, बुध कसाही असो. ज्या नात्यात मारहाण किंवा धमक्या होत्या, तिथे मात्र हा प्रयोगही करू नये. तिथे नंबर ब्लॉकच ठेवावा.

रविवारी, १० ऑगस्टच्या रात्री तिने लिहिलं. सोमवारी अकरा वाजता वाचलं आणि तो मजकूर मला दाखवायला आणला. चार ओळी होत्या. त्याचं नाव फक्त पहिल्या ओळीत होतं. खाली होतं: मला अजून वेळ हवाय, मला घाई करू नका, मी थकलेय.

“हे त्याला नाहीये मॅडम,” ती म्हणाली. त्या संध्याकाळी तिने पहिली ओळ खोडली आणि मोबाईल आईच्या हातात दिला.