व्हिसाच्या फॉर्मवरचे डिपेंडंट आणि स्पॉन्सर म्हणजे नेमके कोण? मी नर्स, यूकेला नवरा आणि मुलगीही येणार. सगळा खर्च सासरे करणार आहेत.

सासऱ्यांचं नाव स्पॉन्सर म्हणून कुठंही घालू नका. तुमच्या व्हिसात स्पॉन्सर म्हणजे तुम्हाला नोकरी देणारं हॉस्पिटल. त्यांच्याकडं होम ऑफिसचं, म्हणजे तिथल्या गृहखात्याचं, लायसन्स असतं आणि ते तुमच्या नावानं सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप काढतात. कागद म्हणून ते मिळत नाही, फक्त एक नंबर येतो आणि तो तुमच्या फॉर्मवर जातो. तिकिटाचे पैसे कुणी दिले याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही.

हे मी एवढं ठासून सांगते, कारण आमच्याकडं याच शब्दावरून एक महिना गेला. आमचं गाव खानापूर तालुक्यातलं. मी 2023 मध्ये निघाले तेव्हा मामंजींनी उसाचं बिल आणि सोसायटीतली ठेव मोडून पैसे उभे केले. बेळगावातल्या एजंटानं ते ऐकलं आणि मिस्टरांच्या अर्जाला मामंजींचं पासबुक जोडलं, वर 'मी स्पॉन्सर आहे' असं त्यांच्या सहीचं पत्र. मामंजींना तर अभिमान वाटला. फी भरायच्या दोन दिवस आधी मी नियम स्वतः वाचला आणि हात थांबवला.

नियम असा आहे. नवऱ्यासाठी 285 पौंड आणि पहिल्या मुलासाठी 315, म्हणजे आमचे 600 पौंड, सलग 28 दिवस खात्यात हवेत आणि खातं तुमचं किंवा नवऱ्याचं हवं. सासऱ्यांचं चालत नाही. मधल्या एका दिवशी जरी शिल्लक खाली गेली तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. 28 वा दिवस आणि अर्जाची फी भरल्याची तारीख यांत 31 दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. पौंडाचा दर वरखाली होतो म्हणून आम्ही मिस्टरांच्या खात्यात मामंजींकडून ऐंशी हजार घेऊन ठेवले आणि हात न लावता बसून राहिलो. मी एकटी आधी गेले, बापलेक महिन्यानं आले. चार वर्षांच्या पोरीला सोडून विमानात बसले, ते अजून विसरता येत नाही. आणि हॉस्पिटलनं सर्टिफिकेटवर 'पहिल्या महिन्याचा खर्च आम्ही बघू' ही खूण तुमच्याबरोबर कुटुंबासाठीही केली, तर ही शिल्लक दाखवावीच लागत नाही. माझ्या हॉस्पिटलनं ती फक्त माझ्यापुरती केली होती. तुम्ही एचआरला आजच मेल करून विचारा.

आता डिपेंडंट. आमच्या चुलत सासऱ्यांनी हा शब्द ऐकला आणि भर ओसरीवर म्हणाले, "आमच्या घरातला पुरुष बायकोच्या जिवावर जाणार काय?" मिस्टर बेळगावच्या उद्यमबागेत कारखान्यात बारा वर्षं लेथवर उभे राहिलेले. त्यांनी जेवण टाकलं. तेव्हा मला उत्तर सुचलं नव्हतं, आता देते. या फॉर्मवर माणूस कुणावर अवलंबून नसतो, त्याचा व्हिसा असतो. माझ्या व्हिसाची शेवटची तारीख तीच त्यांच्या व्हिसाची, आणि माझी नोकरी गेली तर त्यांचं तिथलं राहणंही धोक्यात. एवढाच अर्थ. उलट कामाच्या बाबतीत तेच मोकळे. मला हॉस्पिटल बदलायचं तर नवा स्पॉन्सर, नवं सर्टिफिकेट, नवा अर्ज. त्यांना काहीच नको. ते आज इथं सीएनसी मशीनवर आहेत, मध्ये एक वर्कशॉप सोडून दुसरं धरलं, कुणाला कळवावं लागलं नाही. घरभाडं त्यांच्या पगारातून जातं. ओसरीवर बोलणाऱ्यांनी हे ऐकायला हवं.

डिपेंडंट म्हणजे नवरा-बायको किंवा जोडीदार, आणि 18 खालची मुलं. सासू-सासरे त्यात येत नाहीत. प्रत्येकाचा अर्ज आणि फी वेगळी, पोरीचीसुद्धा. त्यांच्या अर्जात तुमच्या अर्जाचा GWF ने सुरू होणारा नंबर घालावा लागतो, म्हणून तो जपून ठेवा. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर घेतात तो हेल्थ सरचार्ज मात्र आपल्या नर्सांच्या हेल्थ अँड केअर व्हिसावर कुणालाच नाही. एजंटानं मागितला तर देऊ नका.

हे सगळं नर्सपुरतं. केअर वर्कर म्हणून जाणाऱ्यांना 11 मार्च 2024 पासून नव्यानं कुटुंब नेणं बंद झालं, आणि जुलै 2025 पासून तर त्या कामासाठी परदेशातून नवा व्हिसाच मिळत नाही. आणि कुणी दुबईचा फॉर्म दाखवला तर गोंधळू नका, तिथं नोकरीवरचा नवरा स्वतःच बायकोचा स्पॉन्सर होतो.

एक राहिलं. तुमचा लग्नाचा दाखला आमच्यासारखा कन्नडमध्ये असेल तर इंग्रजी भाषांतर आताच करून घ्या. त्यावर भाषांतर बरोबर असल्याचं वाक्य, तारीख, भाषांतर करणाऱ्याचं पूर्ण नाव, सही आणि संपर्क हवा. आमच्या पहिल्या भाषांतरावर नुसता शिक्का होता, ते पुन्हा करावं लागलं.