ड्राय बाल्कनीतलं वॉशिंग मशीन स्पिनला जागचं का सरकतं?

घणसोलीच्या फ्लॅटमधल्या ड्राय बाल्कनीत ठेवलेलं फ्रंट लोड वॉशिंग मशीन स्पिनला जागचं सरकतं, असं तुम्ही विचारलंय, तर आधी फरशीचा उतार बघा. पाणी जाळीकडे वाहावं म्हणून तिथे मुद्दाम ढाळ दिलेला असतो. त्यामुळे एक पाय अधांतरी राहतो आणि स्पिनला मशीन त्याच बाजूला आपटत पुढे सरकतं.

मशीन रिकामं करा, प्लग काढा. वरच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर, म्हणजे तिरक्या रेषेत, आळीपाळीने दाब द्या. मग उरलेल्या दोन कोपऱ्यांवर. टकटक करत डुललं की पाय टेकलेला नाही. आधी चारही पाय जमतील तितके आत फिरवा. पाय जितका लांब, तितकी थरथर जास्त. मग जाळीकडचेच पाय थोडे थोडे बाहेर काढा आणि स्पिरिट लेव्हल एकदा आडवी, एकदा उभी ठेवून बुडबुडा मध्ये आणा. ती नेमकी आली तरी डुलण्याची परीक्षा पुन्हा घ्याच, कारण लेव्हल बरोबर असूनही एक पाय हलका राहू शकतो.

आता सगळ्यात जास्त विसरलं जाणारं काम: पायावरचा लॉकनट पान्याने वर, मशीनच्या बुडाशी घट्ट आवळा. पाय मात्र दुसऱ्या हाताने धरून ठेवा, नाहीतर तोही फिरतो. नट सैल राहिला तर थरथरीने पाय हळूहळू फिरतो आणि आठवड्याभरात पुन्हा तेच.

खाली पुठ्ठा किंवा चाकांचा स्टँड नको. मशीन नवं असेल तर मागचे ट्रान्झिट बोल्ट, म्हणजे वाहतुकीत ड्रम हलू नये म्हणून लावलेले, काढलेत ना, तेही बघा. ते असताना कितीही लेव्हल करा, नाचणारच. एकटी जाड चादर टाकून चाचणी घेऊ नका.