दरवाढीचा मेल आणि पाच मेलबॉक्स

“ताई, गुहागरजवळ आमचा चार खोल्यांचा होमस्टे आहे. होमस्टेच्या नावाच्या ईमेलसाठी एका कंपनीचा प्लॅन घेतलाय, पाच मेलबॉक्सचा. परवा त्यांचा मेल आला की १ जुलैपासून एका मेलबॉक्सचे महिन्याला १८० चे २६० रुपये होणार. दुसरी कंपनी ११० ला देतेय. मुलगा म्हणतो, आजच सोडा. मला मात्र धास्ती वाटते, पाहुण्यांचे मेलच यायचे बंद झाले तर? ठेवू की सोडू?”

हे दादा आणि वहिनी जूनच्या पहिल्या आठवड्यात रत्नागिरीला माझ्याकडे आले. घरखर्च आणि छोट्या धंद्यांचा खर्च यांवर समुपदेशन करते मी, त्यामुळे असे मेल बरेच बघते. आंब्याचा हंगाम आटोपला होता, खोल्या रिकाम्या होत्या, पावसाने जोर धरला होता. हा निर्णय घ्यायला कोकणात याहून चांगला महिना नाही. हाच मेल एप्रिलमध्ये आला असता तर मी “आत्ता कशालाच हात लावू नका” एवढंच सांगून परत पाठवलं असतं.

दादांनी फोन पुढे केला. मेलमध्ये ‘तपशील पाहा’ असं निळं बटण होतं, ते मी दाबू दिलं नाही. दरवाढीच्या नावाने कार्डाची माहिती काढून घेणारे खोटे मेलही येतात. म्हणून आम्ही कंपनीचा पत्ता स्वतः टाइप करून त्यांच्या खात्यात शिरलो. बिलिंगच्या पानावर तोच दर आणि तीच तारीख होती. म्हणजे मेल खरा.

त्या पानावर आणखी एक तारीख होती, जी दादांनी कधी पाहिलीच नव्हती. वर्षाचे पैसे त्यांनी आधीच भरलेले होते आणि नूतनीकरण २० ऑगस्टला होतं. म्हणजे १ जुलै उजाडला तरी त्यांच्या खिशाला झळ लागणार होती ती २० ऑगस्टला. मेलच्या तळाशी बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: वार्षिक ग्राहकांनी १ जुलैपूर्वी नूतनीकरण केलं तर पुढचं एक वर्ष जुनाच दर. ही सवलत प्रत्येक कंपनी देते असं नाही, पण मेल शेवटपर्यंत वाचायचा तो याचसाठी.

मग हिशेब मांडला. पाच मेलबॉक्स, जुना दर: वर्षाला १०,८०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १२,७४४ रुपये. नव्या दराने १८,४०८. होमस्टेची उलाढाल वीस लाखांच्या आत, जीएसटी नोंदणी नाही, त्यामुळे भरलेला कर कुठे वजावट म्हणून मिळत नाही, तो सगळा खर्चच. दादा म्हणाले, “म्हणजे साडेपाच हजार फुकट गेले.” मुलाचं म्हणणं त्यांना तेव्हा पटायला लागलं होतं, कारण दुसऱ्या कंपनीचा हिशेब ७,७८८ वर येत होता.

मी विचारलं, “हे पाच मेलबॉक्स कोणाकोणाचे?”

वहिनींनी बोटं मोजायला सुरुवात केली. `booking@` वहिनी बघतात. `accounts@` दादा बघतात, वीजबिल आणि बँकेचे मेल तिथे येतात. तिसरा मुलाच्या नावाचा. चौथा `info@`, वेबसाइटवर छापलेला. पाचवा कोणाचा हे दोघांनाही आठवेना. ॲडमिनच्या पानावर प्रत्येकापुढे शेवटचं लॉगिन दिसतं, ते उघडलं. पाचवा निघाला दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मॅनेजरचा. त्यात तो गेल्यापासून कोणी शिरलेलंच नव्हतं. आणि `info@` वर आलेलं पत्र वहिनी `booking@` मध्येच वाचत होत्या, कारण ते तिकडे वळवलेलं होतं. नुसतं वळवण्यासाठी वेगळा मेलबॉक्स लागत नाही. बहुतेक सेवांमध्ये एका मेलबॉक्सला दुसरं नाव जोडून देता येतं, त्याला अलियास म्हणतात, आणि त्यांच्या प्लॅनमध्ये त्याचे पैसे पडत नव्हते.

म्हणजे खरी गरज होती तीन मेलबॉक्सची. नव्या, वाढलेल्या दराने तिनांचे वर्षाला ११,०४५ रुपये होतात. जुन्या दराने पाचांचे १२,७४४ जात होते. वहिनी दादांकडे बघून हसल्या. “म्हणजे दर वाढूनही आपलं बिल कमीच. इतकी वर्षं आपण त्या माणसाला पगार देतच होतो म्हणायचं!”

इथे एक खाच आहे आणि ती पुष्कळांना उशिरा कळते. वार्षिक प्लॅनमध्ये मधल्या काळात मेलबॉक्स वाढवता येतात, पण कमी करता येतात ते बहुधा नूतनीकरणाच्या वेळीच. पाचांचं नूतनीकरण होऊन गेलं की पुढचं वर्षभर पाचांचेच पैसे. म्हणून आधी संख्या कमी करायची आणि मग पैसे भरायचे.

पण कमी करायचं म्हणजे लगेच डिलीट दाबायचं नाही. मॅनेजरचा मेलबॉक्स आम्ही आधी उघडून बघितला. जाहिरातींच्या ढिगात एका बुकिंग साइटचे मेल होते. होमस्टेचं तिथलं खातं मॅनेजरनेच उघडलेलं, आणि पासवर्ड विसरला तर नवा पासवर्ड याच पत्त्यावर येणार होता. तो मेलबॉक्स उडवला असता तर त्या साइटचं दार आतून बंद झालं असतं आणि ते कळलं असतं दिवाळीच्या गर्दीत. वहिनींनी तिथे बसूनच त्या साइटवर पत्ता बदलून `booking@` केला. घरी जाऊन बँक, वीजबिल, समाजमाध्यमं अशी सगळी खाती त्याच नजरेने तपासायला सांगितली.

आता राहिला मुलाचा प्रश्न, आणि तो मी टाळला नाही. तीनच मेलबॉक्स धरले तरी दुसरीकडे वर्षाला ४,६७३ रुपये. वर्षाला सहा हजार वाचत असतील तर का जाऊ नये? म्हणून दुसऱ्या कंपनीचं दरपत्रक उघडलं. ११० हा दर पहिल्या वर्षापुरता होता, दुसऱ्या वर्षापासून १९०. हे दरपत्रकात होतं, पण जाहिरातीत नव्हतं. शिवाय मेल हलवून द्यायला ओळखीच्या तंत्रज्ञाने ४,००० सांगितले होते. तीन वर्षांचा हिशेब असा आला: नव्या दरानेच राहिलं तर साधारण ३३,१००, सोडलं तर पहिल्या वर्षाचे ४,६७३, पुढच्या दोन वर्षांचे ८,०७१ प्रमाणे आणि वर हे ४,०००, मिळून २४,८००. म्हणजे वर्षाला पावणेतीन हजारांची बचत. खोटी नाही, पण मुलाच्या डोक्यातल्या दहा हजारांशी तिचा काही संबंध नाही.

त्यातही दुसरीकडे एका मेलबॉक्सला दहा जीबी जागा होती. वहिनींचा `booking@` बावीस जीबी भरलेला. पाहुण्यांनी ओळखपत्रांचे फोटो पाठवलेले, ते कोणी कधी पुसलेच नाहीत. (ते ठेवणं तसंही बरं नाही, पाहुणा गेला की काढून टाका, हे मी बाजूला सांगून टाकलं.) जागा विकत घ्यायची किंवा आधी साफसफाई करायची, दोन्हीपैकी एक करणं भाग होतं.

मग मी विचारलं, डोमेन, म्हणजे ईमेलच्या पत्त्यात @ च्या पुढे येणारं नाव, कोणाच्या नावावर आहे? दादा म्हणाले, “आमच्याच नावाचं आहे की, होमस्टेचं.” नाव होमस्टेचं असणं वेगळं आणि नोंद कोणाच्या खात्यात आहे ते वेगळं. मेल कोणत्या कंपनीकडे जावा हे डोमेनच्या `MX` नावाच्या नोंदीत लिहिलेलं असतं. ती नोंद बदलल्याशिवाय कंपनी बदलता येत नाही, आणि ती बदलतो तोच, ज्याच्याकडे डोमेनच्या खात्याचा पासवर्ड आहे. इथे तो होता चार वर्षांपूर्वी वेबसाइट बनवून दिलेल्या मुलाकडे, जो आता मुंबईत नोकरी करतो. दादांनी तिथूनच त्याला फोन लावला. तो उचलला गेला नाही.

हे ऐकल्यावर निर्णय घ्यायला वेळ लागला नाही. ज्या घराची किल्ली आपल्याकडे नाही ते घर बदलायची भाषा दादा करत होते. त्यांना मी या वर्षापुरतं राहायला सांगितलं: मेलबॉक्स तीन करून, १ जुलैच्या आत, जुन्या दराने. ते झाले ७,६४६ रुपये. गेल्या वर्षीपेक्षा पाच हजारांनी कमी.

काहीच केलं नसतं तर काय झालं असतं तेही सांगते. दादांनी कार्डावर आपोआप पैसे कापायची परवानगी दिलेली होती. ते निर्धास्त होते की बिल आपोआप भरलं जाईल. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार अशा कापणीआधी किमान २४ तास बँक कळवते, आणि २०२२ पासून साध्या सेवांसाठी १५,००० रुपयांपर्यंतच ओटीपीशिवाय पैसे जातात. जुनं बिल १२,७४४ होतं, ते सुखाने जात होतं. १८,४०८ ला ओटीपी लागला असता. दादांचा फोन पावसाळ्यात अर्धा वेळ रेंजबाहेर. पैसे अडकले असते, आणि गणपतीला येणाऱ्या पाहुण्यांचे मेल ऐन वेळी परत गेले असते.

डोमेनचं काम मात्र त्यांना याच पावसाळ्यात करायला लावलं. पद्धत अशी. वहिनींच्या नावाने डोमेन कंपनीत खातं उघडायचं. त्या वेबसाइटवाल्या मुलाकडून ट्रान्सफर कोड घ्यायचा. आणि त्याआधी सगळ्या नोंदींचा, `MX` सकट, फोटो काढून ठेवायचा, कारण डोमेन हलवताना जुन्या ठिकाणच्या नोंदी पुष्कळदा तिथेच राहतात आणि मेल थांबतो. `.com` डोमेन नव्या कंपनीत आलं की साधारण साठ दिवस पुन्हा हलवता येत नाही, तेव्हा निवड विचार करून करायची. हलवल्यावर मुदतीत एक वर्षाची भर पडते, त्यामुळे ते पैसे वाया जात नाहीत.

त्या मुलाने तिसऱ्या दिवशी फोन उचलला. बिचारा चांगला होता, पासवर्ड त्याच्या जुन्या लॅपटॉपमध्ये होता एवढंच. जुलैअखेर डोमेन वहिनींच्या खात्यात आलं. त्या दिवशी त्यांचा मला मेल आला, `booking@` वरून, खाली सहीच्या जागी वेबसाइटचा पत्ता आणि त्यापुढे कंसात: ‘आता खरोखर आमची’.

पुढच्या जूनमध्ये येतो म्हणालेत. तोवर वहिनी `booking@` मधले जुने फोटो पुसतायत. शेवटचं ऐकलं तेव्हा बावीसवरून चौदा जीबीवर आल्या होत्या. दहाच्या आत आल्या की मुलाचं म्हणणं पुन्हा टेबलावर घेऊ, असं ठरलंय.