कोंबुचावर पांढरं काहीतरी आलंय. बुरशी की स्कोबी? आणि यात दारू होते का?

प्रश्न: "घरी पहिल्यांदाच कोंबुचा केलाय. आईची लोणच्याची चिनी मातीची बरणी रिकामी होती, त्यात बारा दिवस ठेवलाय. वर पांढरं काहीतरी आलंय, बुरशी आहे की स्कोबी? पुढे आमरस घालून बाटलीत भरणार आहे. यात दारू तयार होते म्हणतात, खरं का? मुलगी आठ वर्षांची आहे, तिला चालेल?"

उत्तर:

पांढरं काहीही असो, ही खेप प्यायची नाही. कारण बुरशी नाही, बरणी आहे. पण आधी पांढऱ्याचं बघू, कारण पुढच्या वेळीही ते येणारच.

बरणी खिडकीशी न्या आणि पृष्ठभागाकडे वरून न बघता आडव्या उजेडात, बाजूने बघा. नवी स्कोबी, म्हणजे गोड चहा आंबवून त्याचा कोंबुचा करणाऱ्या यीस्ट-जीवाणूंचा थर, ओली, चकचकीत, साईसारखी सपाट असते. सुरुवातीला पारदर्शक ठिपके दिसतात, मग ते एकमेकांत मिसळून सलग थर होतो. खाली लोंबणारे तपकिरी धागे म्हणजे यीस्ट, त्यांना घाबरायचं कारण नाही. बुरशी मात्र कोरडी असते. तिला लव असते, ती पातळीच्या वर उभी राहते आणि गोल गोल बेटं करते. पहिल्या दिवशी पांढरीच दिसेल, पण दोन दिवसांत मधून हिरवट, निळसर किंवा काळपट होते. पातळीच्या खाली, द्रवात बुडालेली लव सहसा दिसत नाही, बुरशीला हवा लागते. शंका असेल तर झाकण तसंच ठेवून दोन दिवस थांबा. स्कोबी जाड होईल, बुरशी रंग बदलेल.

बुरशी निघाली तर वरचा भाग चमच्याने काढून खालचं पिण्याचा मोह होतो, तो आवरा. तिची विषं द्रवात उतरतात, दिसत नाहीत. चहा, स्कोबी सगळं टाकायचं, भांडं कडकडीत पाण्याने धुवायचं आणि नव्या स्कोबीने सुरू करायचं. बुरशी बहुतेक वेळा पहिल्या काही दिवसांत धरते आणि त्याचं कारण एकच, आंबटपणा पुरेसा नसणं. गोड चहा बुरशीला आवडतोच. म्हणून लिटरला साधारण ६० ग्रॅम साखरेचा चहा पूर्ण गार झाल्यावर त्यात आधीच्या खेपेचा आंबट द्रव निदान शंभर मिली तरी घालायचा. फक्त स्कोबीची चकती टाकून भागत नाही, काम द्रवच करतो. पीएच पट्ट्या स्वस्त मिळतात. सुरुवातीलाच ४.५ च्या खाली असावा आणि आठवडाभरात ४.२ च्या खाली गेलाच पाहिजे. नाही गेला तर वास कितीही छान असला तरी ती खेप सोडा. तोंडाला मलमलीऐवजी दाट सुती कापड बांधा, विरळ कापडातून चिलटं आत जाऊन अंडी घालतात.

आता बरणी. बुरशीपासून वाचवणारा आंबटपणाच भांड्याला खातो. तयार कोंबुचाचा पीएच तीनच्या आसपास असतो आणि तो दिवसेंदिवस भांड्याला चिकटून बसतो. चिनी मातीच्या चकाकीत शिसं असेल तर ते त्यात विरघळतं. ऑस्ट्रेलियात एका जोडप्याला चकाकीच्या मातीच्या भांड्यात केलेल्या कोंबुचातून शिशाची विषबाधा झाली होती, १९९८ साली तिथल्या वैद्यकीय नियतकालिकात ती केस छापून आली. तुमच्या बरणीत शिसं आहे की नाही हे बघून, वाजवून किंवा "आजीच्या काळापासून वापरतो" म्हणून कळत नाही, प्रयोगशाळेतच कळतं. शिशाला चव नसते आणि लहान मुलांना त्याचा धोका सगळ्यात जास्त. स्कोबीही ठेवू नका, ती धातू धरून ठेवते.

तांब्या-पितळेचं आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही, ताक कळकतं हे घरोघरी माहीत आहे. ॲल्युमिनियमही नको. चांगल्या स्टीलमध्ये चहा उकळायला हरकत नाही, पण आंबवायला साधी काचेची बरणीच घ्या. क्रिस्टलची नक्षीदार काच नको, तिच्यात शिसं असतं. तोटी असलेली काचेची बरणी घेताना तोटी निरखून बघा, बऱ्याच तोट्या वरून मुलामा दिलेल्या असतात आणि महिन्याभरात आतून पोपडे सुटतात.

दारूचं म्हणाल तर होतेच, प्रश्न किती एवढाच आहे. यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं, जीवाणू हवेच्या साहाय्याने त्या अल्कोहोलचं आम्ल करतात. कापड बांधलेल्या बरणीत दोन्ही कामं शेजारी शेजारी चालतात, म्हणून अल्कोहोल फारसं साठत नाही. तुम्ही बाटलीला घट्ट बूच लावलं की हवा बंद होते, जीवाणू थांबतात, यीस्ट मात्र थांबत नाही. वर तुम्ही आमरस घालणार, म्हणजे त्याला आणखी खाद्य.

हिशोब करून बघा. लिटरभर बाटलीत १०० मिली आमरस घातला. पिकलेल्या हापूसमध्ये शंभर ग्रॅमला ढोबळ १४ ग्रॅम साखर धरू. यीस्टने ती सगळी खाल्ली तर साखरेच्या साधारण निम्म्या वजनाचं अल्कोहोल होतं, म्हणजे ७ ग्रॅम, मापाने सुमारे ९ मिली. बाटलीत ०.९ टक्के, आणि ही नुसती आमरसाची भर. मूळ चहात उरलेली साखर आणि आधीचं अल्कोहोल वेगळं. ही कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्षात थोडं कमी होईल, पण भारतात ०.५ टक्क्यांच्या वर गेलेलं पेय मद्यात मोजलं जातं, ती रेषा सहज ओलांडली. कारखान्यातल्या बाटल्यांनाही हे चुकत नाही: २०१० साली अमेरिकेत अल्कोहोल ०.५ टक्क्यांच्या वर जातंय या शंकेवरून दुकानांनी कोंबुचा फळ्यांवरून उतरवला होता. कोकणात नीरा काही तासांत माडीकडे झुकते, तीही याच यीस्टच्या जातकुळीची करामत.

घरी हायड्रोमीटरने मोजू म्हणाल तर जमणार नाही. साखर घटली हे तो सांगेल, पण ती अल्कोहोल झाली की पुढे आम्ल झाली हे त्याला कळत नाही. चवीवरही जाऊ नका, एक टक्का अल्कोहोल आंबटपणात दडून जातं.

तेवढ्याच साखरेतून जो वायू निघतो तो बाटलीचा दाब वाढवतो. एप्रिल-मेमध्ये ओट्यावर ठेवलेली काचेची बाटली म्हणूनच फुटते, चौकोनी शोभेच्या बाटल्या तर आधी. एक जुनी शीतपेयाची प्लास्टिकची बाटली त्याच कोंबुचाने भरून बाकीच्यांशेजारी ठेवा. ती दाबून बघायची, कडक झाली की सगळ्या लगेच फ्रिजमध्ये. फ्रिजमध्ये यीस्ट मंदावतं, मरत नाही, म्हणून बाहेर काढून विसरलेली बाटली पुन्हा कामाला लागते. उघडताना तोंडावर फडकं धरा.

मुलीला आमरसाची बाटली देऊ नका, साधा कोंबुचाही नको. घरात गरोदर बाई असेल, कुणी दारू सोडलेलं असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर त्यांनाही नको. मुलीला आमरस नुसताच द्या.